शीर्षक बदलल्यावर सीटीआर घसरलेला दिसतो तेव्हा: तपासणीचा क्रम

संकेतस्थळावरील पानाचे शीर्षक विचारपूर्वक बदलले, तीन-चार आठवडे थांबून गूगल शोधातील कामगिरी दाखवणारे सर्च कन्सोल उघडले आणि सीटीआर, म्हणजे निकालात दुवा दिसण्याच्या तुलनेत त्यावर क्लिक होण्याचे प्रमाण, खाली आलेला दिसला, ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की तपासणीचा क्रम आता हाताला बसला आहे. अशा प्रकरणांतील बहुसंख्य वेळा शीर्षकाला दोष देण्याइतका पुरावाच हाती नसतो. आकडा ज्या रीतीने तयार होतो ती रीत लक्षात न घेता तो वाचलेला असतो. याची दुसरी बाजू कमी बोलली जाते. सीटीआर वाढलेला दिसतो तेव्हाही तो तितकाच फसवा असू शकतो, पण तेव्हा तक्रार करायला कोणी येत नाही.

लक्षणे

पुढीलपैकी एखादे लक्षण दिसत असेल, तर खालचा क्रम उपयोगी पडेल. क्लिक वाढले आहेत, पण सीटीआर कमी झाला आहे. पहिल्या आठवड्यात सीटीआर झपाट्याने वाढला आणि दुसऱ्या आठवड्यात पूर्वपदावर आला. शोधशब्दांच्या तक्त्यातील क्लिकची बेरीज आलेखावरील एकूण क्लिकशी जुळत नाही. निकालांतील क्रमांक तोच आहे, तरी सीटीआर रोज वरखाली होतो. आणि सर्वांत वारंवार दिसणारे लक्षण म्हणजे एकाच बदलाबद्दल दोघांनी दोन वेगळे कालखंड निवडून परस्परविरोधी निष्कर्ष काढलेले असतात.

पुढील तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे जातात. पहिल्या तिघींना मिळून अर्धा तास पुरतो आणि निम्मी प्रकरणे तिथेच मिटतात, म्हणून त्या ओलांडून थेट संख्याशास्त्राकडे वळू नये.

पहिली तपासणी: नवे शीर्षक निकालात दिसते आहे का

आपण `<title>` मध्ये लिहितो ते आणि निकालपानावर दिसते ते शीर्षक एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने निकालातील शीर्षके तयार करण्याची पद्धत बदलली आणि पुढच्याच महिन्यात असे सांगितले की सुमारे ८७ टक्के वेळा पानाचे `<title>` वापरले जाते. उरलेल्या वेळी पानावरील मुख्य मथळा, पानातील ठळक मजकूर किंवा इतर पानांवरून आलेल्या दुव्यांचे शब्द यांतून शीर्षक घडवले जाते. तुमचे पान त्या उरलेल्या गटात असेल, तर तुम्ही बदललेली ओळ वाचकाने पाहिलेलीच नाही आणि तिचा परिणाम मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

तपासणी दोन पावलांची आहे. सर्च कन्सोलमधील यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पानाचा पत्ता टाकून शेवटचे क्रॉल, म्हणजे गूगलने केलेले पानाचे वाचन, कोणत्या तारखेला झाले ते पाहावे आणि क्रॉल केलेल्या पानाच्या एचटीएमएलमध्ये नवे शीर्षक आहे का ते वाचावे. येथे एक चूक हमखास होते: लोक थेट चाचणीचे बटण दाबतात आणि नवे शीर्षक दिसले म्हणून निश्चिंत होतात. थेट चाचणी पानाची या क्षणाची स्थिती दाखवते. इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या साठ्यात, कोणती प्रत आहे ते ती सांगत नाही. त्यानंतर लॉगिन नसलेल्या खिडकीत मुख्य शोधशब्द टाकून प्रत्यक्ष निकाल पाहावा. तोही एकदाच पाहावा. स्वतःचे पान रोज शोधून क्लिक न करणारा माणूस स्वतःच्याच इंप्रेशन्समध्ये, म्हणजे निकालात दुवा दिसण्याच्या मोजणीत, भर घालत असतो, आणि लहान पानाच्या बाबतीत ही भर आकड्यात दिसते.

नवे शीर्षक निकालात पहिल्यांदा ज्या दिवशी दिसले, तो दिवस चाचणीचा पहिला दिवस मानावा. संपादकाने बदल जतन केला तो दिवस घेऊ नये. या दोहोंमध्ये काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत कितीही अंतर असू शकते, आणि मधले दिवस ना जुन्या शीर्षकाचे धरता येतात ना नव्याचे, म्हणून ते हिशेबातून पूर्णपणे वगळावेत.

दुसरी तपासणी: कालखंड

सर्च कन्सोलमधील अगदी अलीकडच्या दोन-तीन दिवसांचे आकडे प्राथमिक असतात आणि पुढे बदलतात. तेवढे दिवस शेवटून कापावेत. उरलेला कालखंड पूर्ण आठवड्यांचा असावा. २८ दिवसांची तुलना आधीच्या २८ दिवसांशी केली की दोन्हीकडे चार सोमवार आणि चार रविवार येतात. ३० दिवस घेतले की एका बाजूला एखादा सुटीचा दिवस जास्त येऊ शकतो आणि मग कामाच्या दिवसांत शोधल्या जाणाऱ्या विषयाचा सीटीआर उगाच हलतो. दैनिक आकड्यांचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पॅसिफिक वेळेनुसार मोजला जातो, हेही ध्यानात ठेवावे. तुमच्या सर्व्हरवरील नोंदीतील मंगळवार आणि सर्च कन्सोलमधील मंगळवार हे एकच चोवीस तास नसतात.

तिसरी तपासणी: गाळण्या

दोन्ही कालखंडांत शोधप्रकार, देश आणि उपकरण यांच्या गाळण्या अगदी सारख्या आहेत का ते पाहावे. मोबाइल आणि संगणक यांचे सीटीआर मुळातच वेगळे असतात, त्यामुळे मोबाइलवरील शोधांचा वाटा वाढला की एकूण सीटीआर शीर्षकाशी काहीही संबंध नसताना सरकतो.

शोधशब्दाच्या गाळणीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. दोन-तीन महिन्यांच्या काळात काही डझनांहून अधिक लोकांनी जो शोध केलेला नाही, तो गोपनीयतेच्या कारणाने शोधशब्दांच्या यादीत दाखवला जात नाही. आलेखावरील एकूण आकड्यात त्याचे क्लिक आणि इंप्रेशन्स धरलेले असतात. परंतु शोधशब्दावर कोणतीही गाळणी लावली, मग ती ‘हा शब्द असलेले’ अशी असो वा ‘हा शब्द नसलेले’ अशी असो, की हे लपलेले शोध बेरजेतून गळतात. म्हणूनच स्वतःच्या नावाचे शोध आणि इतर शोध यांची बेरीज एकूण आकड्याइतकी भरत नाही. यात बिघाड काही नाही. चूक होते ती एका कालखंडाचा गाळलेला आकडा दुसऱ्या कालखंडाच्या न गाळलेल्या आकड्याशेजारी मांडल्याने, आणि हे मी अनुभवी लोकांच्या अहवालांतही पाहिले आहे. याखेरीज पडद्यावरील तक्ता कमाल १,००० ओळींचा असतो. मोठ्या संकेतस्थळाच्या यादीचे शेपूट तिथे दिसतच नाही.

चौथी तपासणी: भाजक हलला आहे का

सर्वाधिक वेळ द्यावा असे ठिकाण हेच आहे. सीटीआर म्हणजे क्लिक भागिले इंप्रेशन्स. शीर्षकाचा परिणाम अंशावर व्हावा अशी आपली अपेक्षा असते, पण आकडा बहुतेक वेळा भाजकामुळे हलतो. वाचकासमोर आलेल्या निकालपानावर तुमचा दुवा असला की साधारणपणे एक इंप्रेशन नोंदले जाते. वाचकाने तिथपर्यंत पान खाली सरकवले असले पाहिजे अशी अट नाही. म्हणजे नवव्या क्रमांकावर न पाहिला गेलेला दुवा आणि पहिल्या क्रमांकावर वाचून सोडून दिलेला दुवा या दोहोंचे भाजकातील वजन सारखेच.

एक घटना हे फार स्पष्ट करते. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवण्याची `&num=100` ही सोय बंद केली. क्रमांक तपासणारी स्वयंचलित साधने हिचा सर्रास वापर करत, आणि त्यांच्या प्रत्येक फेरीत सत्तराव्या-ऐंशीव्या क्रमांकावरील दुव्यांनाही इंप्रेशन मिळत असे. सोय बंद होताच असंख्य संकेतस्थळांचे इंप्रेशन्स कोसळले, सरासरी क्रमांक सुधारलेला दिसला आणि सीटीआर वाढला, क्लिक मात्र होते तेवढेच राहिले. त्या आठवड्यात ज्यांनी शीर्षके बदलली होती त्यांना ती चाचणी जिंकल्यासारखी वाटली. मागील वर्षाशी तुलना करताना ही रेघ दोन कालखंडांच्या मध्ये येत असेल, तर ती तुलना सोडून द्यावी.

आता एक प्रकरण आकड्यांनिशी पाहू. लॅपटॉप गरम का होतो, या विषयावरील एक लेख होता. जुने शीर्षक केवळ कारणे सांगणारे होते. नव्यात कारणे आणि उपाय या दोहोंचा उल्लेख केला. आधीच्या आणि नंतरच्या २८ दिवसांत, यादीत दिसणाऱ्या शोधशब्दांपुरते, असे चित्र होते: आधी २०,००० इंप्रेशन्सवर ६२० क्लिक, म्हणजे ३.१ टक्के, नंतर ३१,००० इंप्रेशन्सवर ८४३ क्लिक, म्हणजे २.७ टक्के. सरासरी क्रमांक ५.९ वरून ७.१ वर गेला होता. लेखाचे मालक जुने शीर्षक परत लावायला निघाले होते, आणि वरवर पाहता त्यांचे म्हणणे रास्त होते.

शोधशब्दांचे दोन गट पाडले तेव्हा गोष्ट उलगडली. पहिल्या गटात नेमके शोध होते, म्हणजे ‘लॅपटॉप गरम का होतो’ आणि त्याची जवळची रूपे, ज्यांवर लेख सरासरी ३.८ व्या क्रमांकावर होता. येथे आधी १२,००० इंप्रेशन्सवर ५४० क्लिक होते, म्हणजे ४.५ टक्के, नंतर १२,४०० वर ६२०, म्हणजे ५.० टक्के. क्रमांक जागेवरच होता. दुसऱ्या गटात ‘लॅपटॉप थंड कसा करावा’ यांसारखे सैल शोध होते, ज्यांवर लेख नवव्या क्रमांकाच्या आसपास असे. तेथे आधी ८,००० इंप्रेशन्सवर ८० क्लिक होते, म्हणजे १.० टक्का, नंतर १८,६०० इंप्रेशन्सवर २२३, म्हणजे १.२ टक्के.

दोन्ही गटांत सीटीआर वाढलेला आहे आणि एकूण मात्र घटलेला आहे. गणितात कुठेही चूक नाही. शीर्षकात उपायांचा उल्लेख आल्यामुळे बहुधा उपाय शोधणाऱ्यांच्या निकालांत लेख अधिक वेळा दिसू लागला. ते निकाल मुळातच खालच्या क्रमांकावरचे आणि कमी सीटीआरचे. त्यांचा इंप्रेशन्समधील वाटा ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेला आणि सरासरी खाली ओढली गेली. लेखाला २२३ जास्तीचे क्लिक मिळाले होते आणि तेच अपयश म्हणून वाचले जात होते.

म्हणून नियम असा ठेवावा की दोन्ही कालखंडांत हजर असलेले शोधशब्दच तुलनेसाठी घ्यावेत, त्यांचे क्रमांकानुसार दोन-तीन गट पाडावेत, आणि तुलना गटाच्या आतच करावी. एकूण सीटीआर हा आकडा शीर्षकाच्या चाचणीत निकाल म्हणून वापरू नये. नव्याने मिळालेल्या शोधशब्दांचा हिशेब वेगळा मांडावा, कारण तिथे प्रश्न ‘किती टक्के’ असा नसून ‘किती नवे क्लिक’ असा आहे.

पाचवी तपासणी: क्रमांक खरोखर तोच होता का

सरासरी क्रमांक ही इंप्रेशन्सवरून काढलेली सरासरी आहे, त्यामुळे ४.० या आकड्यामागे दोन पूर्ण वेगळ्या स्थिती असू शकतात: सगळे दिवस चौथ्या क्रमांकावर, किंवा निम्मे इंप्रेशन्स पहिल्या आणि निम्मे सातव्या क्रमांकावर. या दोहोंचा सीटीआर सारखा असण्याचे कारण नाही. मुख्य चार-पाच शोधशब्दांचा दैनिक क्रमांक आलेखावर पाहिला की हे लगेच कळते. रेघ सपाट असेल तर पुढे जावे. ती दोन पायऱ्यांवर नाचत असेल, तर त्या शोधशब्दापुरती सीटीआरची तुलना बाजूला ठेवावी. क्रमांक स्थिर असूनही सीटीआर एका दिवसात तुटल्यासारखा पडला, तर निकालपानावर वर काही नवे आले आहे का, जसे उत्तराची पेटी, चित्रांची रांग किंवा जाहिराती, ते डोळ्यांनी पाहावे. सर्च कन्सोलच्या आकड्यांत त्याची वेगळी नोंद मिळेलच असे नाही.

सहावी तपासणी: आकडा पुरेसा मोठा आहे का

वरील प्रकरणात पहिल्या गटाचा सीटीआर ४.५ वरून ५.० झाला. हा शीर्षकाचा विजय म्हणावा का? येथे थोडे गणित टाळता येत नाही, पण ते कागदावर होण्यासारखे आहे. एवढ्या इंप्रेशन्सवर दोन सीटीआरमधील फरकाची केवळ योगायोगाने होणारी प्रमाणित चूक सुमारे ०.२७ टक्केबिंदू येते. आपला फरक ०.५, म्हणजे तिच्या दुपटीलाही किंचित कमी, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून त्याला विजय म्हणता येत नाही. शिवाय हे गणित प्रत्येक इंप्रेशन स्वतंत्र आहे असे मानते, आणि वास्तवात तसे नसते: एखाद्या बातमीमुळे एका दिवशी वेगळ्याच हेतूचे वाचक येतात, एकच माणूस तोच शोध तीनदा करतो. म्हणून खरा गोंधळ सूत्राने सांगितलेल्यापेक्षा जास्तच असतो, कमी कधीच नसतो असे धरून चालावे.

चाचणी सुरू करण्याआधीच किती इंप्रेशन्स लागतील याचा अंदाज घेण्यासाठी मी पुढील ढोबळ सूत्र वापरते:

```
n = 16 × p × (1 − p) / d²
```

येथे `p` म्हणजे सध्याचा सीटीआर, `d` म्हणजे जो फरक ओळखता यायला हवा तो, आणि `n` म्हणजे प्रत्येक बाजूला लागणारे इंप्रेशन्स. सीटीआर ४ टक्के असेल आणि तो ४.४ झालेला ओळखायचा असेल, तर `p` ०.०४ आणि `d` ०.००४ धरून उत्तर सुमारे ३८,००० येते. सीटीआर १ टक्का असेल आणि तो १.१ झालेला ओळखायचा असेल, तर दीड लाखाहून अधिक इंप्रेशन्स लागतात. दोन्हीकडे वाढ दहा टक्क्यांचीच आहे, तरी दुसऱ्या ठिकाणी चौपट माहिती लागते. महिन्याला ३,००० इंप्रेशन्स मिळवणाऱ्या पानावर शीर्षकाची चाचणी घेणे म्हणजे नाणे चार वेळा उडवून ते खोटे आहे का ते ठरवण्यासारखे आहे. अशा पानाचे शीर्षक वाचकाला पानाचा विषय नीट सांगते की नाही, एवढे पाहून बदलावे आणि मोजमापाचा आग्रह सोडावा.

इंप्रेशन्स कमी पडतात म्हणून रोज आकडा पाहत राहणे आणि वाढ दिसलेल्या दिवशी चाचणी थांबवणे, ही सवय वाईट. गोंधळात वरखाली होणारी कोणतीही रेघ कधी ना कधी आपल्याला हव्या त्या जागी येतेच. शेवटची तारीख आधी लिहून ठेवावी आणि त्याच तारखेला पाहावे.

सातवी तपासणी: न बदललेल्या पानांचे काय झाले

संकेतस्थळाच्या पानांवर करतो तशी अर्ध्या वाचकांना एक आणि अर्ध्यांना दुसरे शीर्षक दाखवण्याची चाचणी शोधनिकालांत घेता येत नाही, कारण इंडेक्समध्ये पानाची एकच प्रत असते. क्रॉलरला एक आणि वाचकांना दुसरे पान दाखवणे तर नियमबाह्यच आहे. म्हणून वाचकांऐवजी पाने वाटावी लागतात: एकाच प्रकारची, एकाच साच्यातील पाने घेऊन त्यांचे दोन गट करायचे, एका गटाची शीर्षके बदलायची आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही.

वाटणी चिठ्ठ्या टाकूनच व्हावी. सर्वांत कमी सीटीआरची पाने निवडून त्यांनाच नवी शीर्षके देण्याचा मोह होतो, आणि निकाल जवळजवळ नेहमीच चांगला येतो. त्याचे कारण असे की त्या महिन्यात तळाला गेलेली पाने काही अंशी दुर्दैवाने तळाला गेलेली असतात आणि पुढच्या महिन्यात, काहीही न करता, सरासरीकडे परततात. आधी कमकुवत पानांची यादी करणे चुकीचे नाही. पण त्या यादीतलीच निम्मी पाने चिठ्ठीने बाजूला ठेवावीत. चाचणीच्या काळात दोन्ही गटांत वर्णन, मथळा, अंतर्गत दुवे यांपैकी काहीही बदलू नये.

ज्या लेखाबद्दल वर लिहिले, त्याच संकेतस्थळावर पुढे अशा ४० पानांची चाचणी घेतली. २० पानांची शीर्षके बदलली, २० तशीच ठेवली, आणि फक्त नेमक्या शोधशब्दांचा गट मोजला. बदललेल्या पानांचा सीटीआर ४.१० वरून ४.५९ झाला, म्हणजे सुमारे १२ टक्के वाढ. हा आकडा एकटा ठेवला असता तर सगळे खूश झाले असते. न बदललेल्या पानांचा सीटीआर त्याच काळात ३.९० वरून ४.२१ झाला होता, म्हणजे सुमारे ८ टक्के. दोन्ही गटांना लाभलेला तो भाग वजा केला की शीर्षकांच्या वाट्याला जेमतेम ४ टक्के उरतात.

त्यानंतर आम्ही एक गोष्ट केली जी मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांची माहिती मिळते. तेच दोन गट घेऊन, शीर्षके बदलण्यापूर्वीच्या काळातील २८-२८ दिवसांच्या सहा जोड्या निवडल्या आणि जणू काही प्रत्येक जोडीच्या मध्ये बदल झाला आहे असे समजून तोच हिशेब केला. खरे तर काहीच बदललेले नव्हते, म्हणजे प्रत्येक वेळी उत्तर शून्याजवळ यायला हवे होते. ती उत्तरे उणे ५ टक्के ते अधिक ६ टक्के या पट्ट्यात पसरली. मग आमचे ४ टक्के कुठे बसतात ते सांगायची गरज उरत नाही.

अहवालात आम्ही लिहिले की फरक दिसलेला नाही, आणि ५ ते ६ टक्क्यांपेक्षा लहान फरक या मांडणीत दिसू शकणारही नाही. दुसरे वाक्य पहिल्याइतकेच आवश्यक आहे. ते गाळले की ‘परिणाम नाही’ आणि ‘परिणाम मोजता आला नाही’ यांत गल्लत होते. नवी शीर्षके ठेवली, कारण ती पानाचा आशय अधिक खरेपणाने सांगत होती आणि त्यांनी नुकसान केल्याचा कोणताही पुरावा नव्हता.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

पहिली तपासणी पुन्हा पुन्हा अडत असेल, म्हणजे चार आठवड्यांनंतरही इंडेक्समधील प्रतीत जुनेच शीर्षक असेल, इन्स्पेक्शनमध्ये सारख्या पानांपैकी गूगलने निवडलेला मूळ पत्ता तुमच्या पानाचा नसून दुसऱ्याच पानाचा दिसत असेल, किंवा शीर्षक जावास्क्रिप्टने नंतर भरले जात असून क्रॉल केलेल्या प्रतीत ते रिकामे येत असेल, तर शीर्षकांचे शब्द बदलत बसू नये. ही तांत्रिक एसईओ, म्हणजे पान शोधनिकालांत नीट येण्याची तांत्रिक बाजू, जाणणाऱ्या प्रोग्रामरची कामे आहेत. मूळ पत्त्याशी अंदाजाने खेळल्यास चांगले चाललेले पान निकालांतून बाहेर जाऊ शकते.

इंप्रेशन्स आणि क्लिक दोन्ही एकाच दिवशी कोसळले असतील, तर शीर्षकाची चाचणी तत्काळ बाजूला ठेवावी, सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गूगलने केलेली कारवाई, आणि सुरक्षा यांची पाने उघडून पाहावीत, आणि तेथे काही सूचना असेल तर त्याच दिवशी जाणकाराला दाखवावी.

हजारो पानांचा साचा एका निर्णयाने बदलायचा असेल, तर सातव्या तपासणीतील हातगणित पुरत नाही. तेव्हा प्रोग्रामने माहिती ओढून घेण्याचा एपीआय किंवा बिगक्वेरी या गूगलच्या माहितीकोठारात जाणारी घाऊक निर्यात वापरून रोजची, पानानुसार माहिती साठवणारा आणि ऋतुमान धरून प्रतिमान मांडणारा संख्याशास्त्रज्ञ लागतो. घाऊक निर्यात ज्या दिवशी सुरू करावी त्या दिवसापासूनच माहिती साठते, मागची मिळत नाही. म्हणून असा बदल सहा महिन्यांनी करण्याचा विचार असेल, तर निर्यात आजच सुरू करून ठेवावी आणि माणूस नंतर शोधावा.